विडाल पॉझिटिव्ह, पण टायफॉइड?

पावसाळा सुरू झाला की तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळपासून तापाचे पेशंट येऊ लागतात. हातातल्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: सीबीसी, मलेरिया आणि विडाल. संध्याकाळी रिपोर्ट मिळतो. त्यात टायफी ओ आणि टायफी एच अशा दोन ओळींसमोर १:१६० आणि १:३२० असे आकडे असतात, आणि खाली ‘पॉझिटिव्ह’ असा शिक्का. मग घरी फोन जातो, ‘टायफॉइड निघालाय.’ सलाईन लागतं, इंजेक्शनं सुरू होतात, शेजारची मावशी महिनाभर तिखट बंद करायला सांगते.

या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा म्हणजे तो रिपोर्ट. लॅबने चूक केली असेल असं नाही, तपासणी अगदी नीट झालेली असेल. प्रश्न असा आहे की विडाल चाचणी टायफॉइडचा जंतू शोधतच नाही. त्या जंतूविरुद्ध शरीराने कधीतरी तयार केलेले प्रतिपिंड ती मोजते. ते ‘कधीतरी’ म्हणजे गेल्या आठवड्यात की पाच वर्षांपूर्वी, हे एका आकड्यावरून कळत नाही. जिथे दूषित पाण्यातून हा जंतू लोकांच्या पोटात वारंवार जातो, तिथे तर मुळीच कळत नाही.

ही चाचणी आली पॅरिसहून. १८९६ साली व्हिएन्नात माक्स फॉन ग्रुबर आणि त्यांचा इंग्रज विद्यार्थी हर्बर्ट डरहॅम यांनी दाखवून दिलं की एखाद्या जंतूविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेल्या प्राण्याचं सीरम त्या जंतूंच्या द्रवात मिसळलं, तर पोहणारे जंतू थबकतात आणि एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. त्यांना यातून अनोळखी जंतू ओळखायचे होते. सीरम माहितीचं, जंतू अनोळखी. त्याच वर्षी पॅरिसच्या फेर्नां विडाल या डॉक्टरांनी हाच प्रयोग उलटा केला. जंतू माहितीचा घेतला आणि सीरम तापाने फणफणलेल्या पेशंटचं. गुठळ्या झाल्या तर पेशंटच्या रक्तात टायफॉइडविरुद्ध प्रतिपिंड आहेत, म्हणजे त्याला टायफॉइड आहे, असा तो तर्क होता. असे प्रतिपिंड आजार बरा झाल्यावरच नव्हे, तर ताप चालू असतानाही सापडतात, ही त्यांची महत्त्वाची नोंद. त्या काळात टायफॉइडचं निदान नाडी, जीभ, पोटावरचे गुलाबी ठिपके आणि वाढलेली पानथरी यांवरून होत असे. रक्ताच्या काही थेंबांत उत्तर मिळणं ही मोठीच गोष्ट होती, आणि काही महिन्यांतच ही पद्धत युरोप-अमेरिकेत पोचली.

सव्वाशे वर्षांनंतरही चाचणीचा गाभा तोच आहे. फरक इतकाच की आता जिवंत जंतूंऐवजी मारलेले, रंग दिलेले जंतू तयार बाटलीत मिळतात. एका बाटलीत जंतूच्या पृष्ठभागावरचा ‘ओ’ हा प्रतिजन असतो, तर दुसरीत जंतूला पोहण्यासाठी असलेल्या केसासारख्या शेपटीतला ‘एच’. पॅराटायफॉइडच्या ए आणि बी जंतूंच्या ‘एच’च्या आणखी दोन बाटल्या असतात. म्हणून रिपोर्टवर टीओ, टीएच, एएच, बीएच अशा चार ओळी दिसतात.

आता आकड्याचा अर्थ. नळीच्या पद्धतीत पेशंटचं सीरम मिठाच्या पाण्याने पातळ करत नेतात. पहिल्या नळीत वीस पट, दुसरीत चाळीस पट, मग ऐंशी, एकशे साठ, तीनशे वीस आणि सहाशे चाळीस. प्रत्येक नळीत आधीच्या नळीपेक्षा निम्मे प्रतिपिंड उरतात. शेवटच्या नळीत सीरम घालतच नाहीत, ती तुलनेसाठी असते. सगळ्या नळ्यांत जंतूंचा द्रव सारख्याच प्रमाणात घालून त्या ३७ अंशांना रात्रभर ठेवतात. सकाळी उजेडासमोर धरून पाहिलं की एच प्रतिजनाच्या नळ्यांत कापसासारखे सैल पुंजके आणि ओ प्रतिजनाच्या नळ्यांत बारीक दाणेदार साका दिसतो. जिथपर्यंत गुठळ्या दिसतात त्यातली सर्वांत पातळ नळी म्हणजे टायटर. टीओ १:१६० याचा अर्थ एवढाच की सीरम एकशे साठ पट पातळ केल्यावरही गुठळ्या झाल्या, तीनशे वीस पट केल्यावर झाल्या नाहीत.

दोन नळ्यांमधलं अंतर दुपटीचं असतं हे ध्यानात ठेवायला हवं. खरा बिंदू १६० आणि ३२० यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. शिवाय गुठळी आहे की नाही हे माणूस डोळ्यांनी ठरवतो. तेच सीरम दोन तंत्रज्ञांनी, किंवा एकाच तंत्रज्ञाने दोन दिवशी तपासलं तर उत्तर एका पायरीने पुढेमागे होतं. कंपनी बदलली, बाटलीचा लॉट बदलला तरी होतं. म्हणून ऐंशीचे एकशे साठ झाले तर त्याला वाढ म्हणत नाहीत. किमान दोन पायऱ्या, म्हणजे चौपट बदल झाला तरच रक्तात खरोखर काही घडलं असं मानतात.

बहुतेक छोट्या लॅबमध्ये मात्र नळ्यांची पद्धत वापरली जात नाही. तिथे काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर सीरमचा थेंब आणि जंतूंचा थेंब मिसळून पट्टी हलवतात आणि मिनिटभरात निकाल वाचतात. पॉझिटिव्ह असेल तर मिश्रणात दूध नासल्यासारखे कण दिसतात. ही पद्धत झटपट आणि स्वस्त आहे, पण चाळणी म्हणूनच ठीक. मिनिटाऐवजी तीन-चार मिनिटांनी पाहिलं तर थेंबाच्या कडा सुकतात आणि नसलेल्या गुठळ्या दिसू लागतात. सोबत निगेटिव्ह कंट्रोलचा थेंब लावला नसेल, तर ही फसगत लक्षातही येत नाही. पट्टीवर पॉझिटिव्ह आलेलं सीरम नळीत पुन्हा तपासावं अशी अपेक्षा असते. गर्दीच्या दिवसांत ती क्वचितच पाळली जाते.

पण समजा सगळं शिस्तीत झालं. नळ्या वापरल्या, कंट्रोल लावला, निकाल वेळेवर वाचला. तरीही एका आकड्याची अडचण सुटत नाही, कारण ती चाचणीच्या हाताळणीत नसून माणसाच्या रक्तात आहे.

टायफॉइडचा ताप सुरू झाल्यावर ओ प्रतिपिंड साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी दिसू लागतात, एच त्यानंतर काही दिवसांनी. दोन्ही तिसऱ्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठतात. पुढे ओ काही महिन्यांत खाली येतात, एच मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतात. शिवाय एकदा टायफॉइडशी सामना झालेल्या शरीराची आठवण कायम राहते. दुसराच एखादा ताप आला तरी ती चाळवते आणि एच पुन्हा वर जातात. टायफॉइड आणि पॅराटायफॉइडच नव्हे, तर अन्नातून पोट बिघडवणारे साल्मोनेलाचे काही भाऊबंदही ओ प्रतिजनाचा एक तुकडा समान बाळगतात. त्यामुळे दूषित अंडी किंवा मांस खाऊन झालेल्या जुलाबांचे प्रतिपिंडही टायफॉइडच्या बाटलीत गुठळ्या करू शकतात.

आता अशा वस्तीचा विचार करावा जिथे नळाचं पाणी दिवसातून तासभर येतं, उरलेला वेळ पाइपात दाब नसतो आणि शेजारच्या गटाराचं पाणी फटींतून आत शिरतं. तिथे वाढलेल्या माणसाच्या पोटात हा जंतू लहानपणापासून कितीदा गेला असेल सांगता येत नाही. काही वेळा ताप आला असेल, बऱ्याचदा काहीच झालं नसेल. दर खेपेला रक्तात थोडे प्रतिपिंड मात्र उरले. म्हणूनच भारतात धडधाकट रक्तदात्यांची विडाल केली तरी त्यांच्यातल्या अनेकांत ती चाळीस, ऐंशी किंवा त्याहूनही वर निघते. किती जणांत आणि कितीपर्यंत, हे प्रदेशागणिक बदलतं. त्यामुळे नियम असा आहे की प्रत्येक भागाने आधी तिथल्या निरोगी लोकांची पातळी मोजावी आणि त्यावरून आपली मर्यादा ठरवावी. प्रत्यक्षात रिपोर्टच्या तळाला जी मर्यादा छापलेली असते ती बहुधा किटच्या माहितीपत्रकातून उचललेली असते.

दोन पेशंटची उदाहरणं घेऊ. दोघंही कल्पित आहेत, पण तापाच्या दिवसांत कुठल्याही फिजिशियनला असे पेशंट भेटतात.

पहिला सव्वीस वर्षांचा तरुण. ताप येऊन तीन दिवस झाले, अंग ठणकतंय, डोळ्यांमागे दुखतंय. विडालमध्ये टीओ १:१६०, टीएच १:३२०. कागदावर हा टायफॉइड झाला. पण तिसऱ्या दिवशी टायफॉइडचे प्रतिपिंड सहसा एवढे चढलेले नसतात, ही पहिली शंका. टायफॉइडचा ताप पायरी-पायरीने चढतो, याचा एकदम भडकला, ही दुसरी. सीबीसीत प्लेटलेट सत्तर हजारांवर आलेले, ही तिसरी. डॉक्टर डेंगीची एनएस-१ तपासणी करतात आणि ती पॉझिटिव्ह येते. दोन आठवड्यांनी, तो बरा होऊन कामावर गेल्यावर, त्याच लॅबमध्ये पुन्हा विडाल केली तर टीओ १:१६० आणि टीएच १:३२०. आकडा तसूभरही हललेला नाही. तो या तापाचा नव्हताच. त्या तरुणाच्या रक्तात तो आधीपासून होता आणि एखाद्या धडधाकट दिवशी तपासला असता तरी तिथेच सापडला असता.

दुसरी पेशंट बारा वर्षांची मुलगी. ताप सहा दिवसांचा, रोज थोडा अधिक चढणारा. भूक गेलेली, पोट दुखतंय, जिभेवर पांढरा थर. विडालमध्ये टीओ १:४०, टीएच १:४०. रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’. डॉक्टरांनी मात्र पहिली गोळी देण्याआधी ब्लड कल्चरसाठी रक्त पाठवलं होतं. दोन दिवसांनी त्या बाटलीत साल्मोनेला टायफी वाढतो. दहा दिवसांनी दुसरं सीरम तपासलं तेव्हा टीओ १:३२०. म्हणजे आठपट चढ. पहिल्या दिवशी ज्या रिपोर्टने टायफॉइड नाही म्हटलं, तिलाच टायफॉइड होता. ज्याला आहे म्हटलं, त्याला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या टायफॉइडविषयक मार्गदर्शिकेतही नोंद आहे की कल्चरमध्ये जंतू सापडलेल्या पेशंटपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांत विडाल निगेटिव्ह येऊ शकते. कुणी फार लवकर तपासणी केलेली असते, कुणाच्या पोटात आधीच अँटिबायोटिक गेलेलं असतं, तर कुणाचं शरीर मुळातच कमी प्रतिपिंड बनवतं.

यावर कुणी म्हणेल, चुका होणारच, पण पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बहुतेकांना तरी टायफॉइड असेल ना? इथे थोडं गणित करावं लागतं. एका दवाखान्यात पावसाळ्यात तापाचे हजार पेशंट आले असं धरू. त्यांपैकी पन्नास जणांना खरा टायफॉइड आहे, बाकीच्यांना डेंगी, मलेरिया, व्हायरल, लघवीचा जंतुसंसर्ग वगैरे. विडाल खऱ्या टायफॉइडपैकी ७० टक्के पकडते आणि टायफॉइड नसलेल्या ८० टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह सांगते असं मानू. पन्नासांपैकी पस्तीस पॉझिटिव्ह आले. उरलेल्या साडेनऊशेंपैकी २० टक्के, म्हणजे एकशे नव्वद जण चुकून पॉझिटिव्ह आले. एकूण पॉझिटिव्ह सव्वादोनशे, त्यांत खरे पस्तीस. ‘टायफॉइड निघालाय’ असा फोन ज्यांच्या घरी गेला, त्यांच्यातल्या दर सहा-सात जणांमागे एकालाच तो आहे.

हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण प्रत्यक्षातही असंच घडतं. टांझानियातल्या एका ग्रामीण रुग्णालयात ताप घेऊन दाखल झालेल्या मुलांवर विडाल आणि ब्लड कल्चर दोन्ही करून झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तिथे नळीची विडाल नीट, काटेकोर पद्धतीने केली होती. टायफॉइड नसलेल्या मुलांपैकी ९८ टक्क्यांना तिने बरोबर ओळखलं. तरीही पॉझिटिव्ह आलेल्या मुलांपैकी खरा टायफॉइड होता फक्त सुमारे २६ टक्क्यांना, कारण त्या मुलांत टायफॉइडच मुळात शंभरात एखाद्याला होता. निगेटिव्ह निकाल मात्र तिथे जवळजवळ नेहमी खरा ठरला.

म्हणजे आकड्याचा अर्थ दोन गोष्टींवर ठरतो. त्या भागातल्या निरोगी रक्तात आधीच किती प्रतिपिंड आहेत, आणि आत्ता येणाऱ्या तापांत टायफॉइडचा वाटा किती आहे. भारतात या दोन्ही गोष्टी गावागणिक बदलतात. २०१७ ते २०२० या काळात देशात दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग या चार ठिकाणी हजारो मुलांवर आठवड्यामागून आठवडे लक्ष ठेवून, ताप आला की ब्लड कल्चर करून टायफॉइड मोजला गेला. तीन शहरी ठिकाणी दर लाख मुलांमागे वर्षाला ५७६ ते ११७३ जणांना टायफॉइड झाल्याचं दिसलं. पुण्याच्या ग्रामीण भागात हाच आकडा होता ३५. वेल्लोरच्या दाट वस्तीतल्या मुलाचा टीओ १:१६० आणि पुणे जिल्ह्यातल्या खेड्यातल्या मुलाचा टीओ १:१६० हे एकाच किटमधून आले, एकाच कागदावर छापले, तरी त्यांचं वजन सारखं नाही.

एका मापाने भागत नाही, ही गोष्ट वैद्यकाला नव्याने कळलेली नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना टायफॉइडची लस टोचलेली होती. ती मारलेल्या अख्ख्या जंतूंची लस होती, त्यामुळे टोचून घेतलेल्या प्रत्येकाची विडाल पॉझिटिव्हच यायची. खंदकात ताप आलेल्या सैनिकाला टायफॉइड आहे की लसीचे प्रतिपिंड दिसताहेत, हे सांगता येईना. ऑक्सफर्डचे पॅथॉलॉजीचे प्राध्यापक जॉर्ज ड्रायर यांनी त्यावर उपाय काढला. जंतूंचा द्रव एका ठरावीक दर्जाचा वापरायचा, त्याच माणसाचं रक्त काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा मोजायचं आणि आकडा किती आहे यापेक्षा तो चढतोय की स्थिर आहे हे पाहायचं. लसीचे प्रतिपिंड जागेवर राहतात किंवा हळूहळू उतरतात. आजाराचे चढतात, शिखर गाठतात आणि मग उतरतात.

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एच प्रतिजनासाठी जी निमुळत्या तळाची नळी वापरतात तिला आजही ड्रायर ट्यूब म्हणतात. विद्यार्थी परीक्षेत तिचं नाव बिनचूक सांगतात. ड्रायर यांनी ज्यासाठी खटाटोप केला ते दुसरं माप मात्र दवाखान्यात जवळपास कुणीच घेत नाही.

त्यालाही कारण आहे. दुसरं सीरम दहा ते चौदा दिवसांनी घ्यायचं असतं. तोवर पेशंट एकतर बरा झालेला असतो किंवा दुसऱ्या दवाखान्यात गेलेला असतो. औषध आज द्यायचं की नाही, हा प्रश्न आजचा असतो. शिवाय पेशंट आठ-दहा दिवस ताप अंगावर काढून आला, तर पहिल्या तपासणीच्या वेळीच प्रतिपिंड शिखराजवळ असतात आणि पुढे चौपट चढ दिसतच नाही. लवकर दिलेलं अँटिबायोटिकही हा चढ दाबतं. जोडीच्या तपासणीतून उत्तर खात्रीचं मिळतं, पण मागाहून. साथीचा अभ्यास करणाऱ्याला ते उपयोगी पडतं, खाटेवरच्या पेशंटला फारसं नाही.

खाटेवरच्या पेशंटसाठी आज सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. तिच्याही मर्यादा आहेत. टायफॉइडच्या पेशंटच्या एका मिलिलिटर रक्तात बहुधा एखादाच जिवंत जंतू असतो, कधी तेवढाही नसतो. म्हणून दोन मिलिलिटर रक्त घेऊन भागत नाही, मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर तरी हवं. एवढं करूनही साधारण दहांपैकी सहाच पेशंटमध्ये जंतू हाती लागतो. अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आधी पोटात गेल्या असतील तर त्याहून कमी. अस्थिमज्जेचं कल्चर अधिक पकडतं, पण हाडात सुई घालायला साध्या तापाच्या पेशंटला कोण सांगणार? विडाल काही तासांत शे-दोनशे रुपयांत होते. कल्चरला दोन-तीन दिवस, जास्त पैसे आणि सुसज्ज लॅब लागते. खेड्यापाड्यात विडाल टिकून राहिली ती यामुळेच.

तरीही कल्चर जे देतं ते विडाल कधीच देऊ शकत नाही: हाती आलेला जंतू. त्याच्यावर कोणतं औषध चालतं आणि कोणतं नाही, हे तपासता येतं. भारतातल्या टायफॉइडच्या जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं आता बहुतेक ठिकाणी भरवशाने चालत नाहीत. उपचार सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अझिथ्रोमायसिन यांवर येऊन टेकले आहेत. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ सालापासून असा टायफॉइड पसरला की ज्यावर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही चालत नाही. विडालच्या एका शिक्क्यावर, टायफॉइड नसलेल्या शेकडो लोकांना हीच औषधं आठ-दहा दिवस देत राहिलं, तर त्यांच्या आतड्यांतल्या जंतूंना या औषधांना तोंड द्यायचा सराव होतो. त्याच वेळी खरा आजार वेगळाच असेल तर तो उपचाराविना वाढतो. लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस यांना योग्य औषध वेळेत मिळालं तर माणूस सहज बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंड, फुप्फुस निकामी होऊ शकतं. २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने आणि २०१८ साली नागपूर परिसरात स्क्रब टायफसने माणसं दगावली, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. अशा दिवसांत ‘टायफॉइड पॉझिटिव्ह’ हा शिक्का पुढचा शोध थांबवतो, आणि धोका त्यातच आहे.

एक गैरसमज आणखी महागात पडतो. टायफॉइडचा कोर्स संपल्यावर ‘गेला की नाही’ हे पाहायला पुन्हा विडाल करतात. ती पॉझिटिव्हच येते. खऱ्या टायफॉइडनंतर प्रतिपिंड महिनोन्‌महिने राहतात, ते तसे राहायलाच हवेत. पण आकडा पाहून घरचे धास्तावतात, ‘टायफॉइड रक्तात मुरलाय’ असं ठरतं आणि दुसरा कोर्स सुरू होतो. ताप उतरला, भूक लागली, वजन वाढू लागलं, हीच बरं झाल्याची खूण. विडालने ते सिद्ध होत नाही आणि खोटंही ठरत नाही.

लसीबद्दलही लोक विचारतात. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली मुलांना टायफॉइडची कॉन्जुगेट लस देण्याची मोहीम घेतली आणि लाखाहून अधिक मुलांना ती मिळाली. या लसीत जंतूच्या बाह्य आवरणातला ‘व्हीआय’ हा भाग असतो, ओ किंवा एच नसतो. त्यामुळे महायुद्धातल्या सैनिकांचा गोंधळ या मुलांच्या बाबतीत होत नाही. लस घेतलेल्या मुलाची विडाल वर आली तर त्याचं खापर लसीवर फोडता येणार नाही.

मग हाती विडालचा रिपोर्ट असलेल्या माणसाने काय करावं? आधी ताप कितव्या दिवशी आहे हे मोजावं आणि डॉक्टरांना सांगावं. पाचव्या-सहाव्या दिवसाआधीच्या विडालला, ती पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, फार किंमत देऊ नये. पूर्वी कधी विडाल केली असेल तर तो जुना कागद सोबत न्यावा. दोन वर्षांपूर्वीही १:१६० असेल तर आजचे १:१६० नवं काही सांगत नाहीत. रिपोर्टवर फक्त एच वाढलेला असेल आणि ओ जागेवर असेल, तर तो बहुधा जुन्या संसर्गाचा उरलेला भाग आहे. ताप चार-पाच दिवसांपेक्षा लांबला आणि डॉक्टरांना टायफॉइडचा संशय असेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी ब्लड कल्चरसाठी रक्त देता येईल का, हे सरळ विचारावं. पेशंट गंभीर असेल तर डॉक्टर निकालाची वाट न पाहता औषध सुरू करतील, आणि ते बरोबरच आहे. पण तेव्हाही कल्चरचं रक्त आधी घ्यायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

विडालचा एकटा आकडा डॉक्टरांच्या संशयाला थोडा आधार देऊ शकतो, संशयाची जागा घेऊ शकत नाही. आपल्याकडच्या तापात केवळ त्या आकड्यावर औषधाचा कोर्स सुरू करू नये आणि केवळ त्या आकड्यावर तो लांबवूही नये.